जपाच्या व्हिडिओची संहिता: लय उतरती ठेवा, गोळी बंद करायला सांगू नका

"ताई, नागपुरात मानेवाड्यात आमचं छोटंसं भजनी मंडळ आहे. आम्ही यूट्यूबवर भजनं टाकतो. त्याखाली बरेच जण लिहितात, 'छातीत धडधड होते, झोप लागत नाही, एखादा जप सांगा.' त्यांच्यासाठी नऊ-दहा मिनिटांचा जपाचा व्हिडिओ करायचं मनात आहे. संहिता कशी लिहू? जपानं बरं वाटतं हे तर सांगायचंय, पण डॉक्टर सोडा असा अर्थ कोणी काढू नये. हे कसं जमवायचं?"

भाऊ, तुम्ही भजनातले आहात, म्हणून सुरुवात लयीपासून करते. भजन विलंबितात सुरू होतं, हळूहळू चढतं, शेवटी टाळ-खंजिरी द्रुतात जाते आणि मंडळी रंगून जातात. त्यात आनंद आहे, अंगात वारं भरतं. पण ज्याचं काळीज आधीच धडधडतंय त्याला याच्या नेमकं उलटं हवं असतं. त्याच्यासाठीच्या जपाची लय उतरती हवी. सुरुवात त्याच्या आत्ताच्या वेगाजवळ करायची आणि सहा-सात मिनिटांत त्याच्या नकळत त्याला खाली आणायचं. संहितेतले शब्द कितीही गोड असले तरी लय चढत गेली तर व्हिडिओ फसला असं समजा.

याचं कारण श्वासात आहे. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना किंचित कमी होतात. मनगटावर बोट ठेवून सावकाश श्वास घेतला तर बऱ्याच जणांना हे स्वतःलाच कळतं. आवाजात म्हटलेला जप सोडत्या श्वासावर होतो, आत घेताना सहसा कोणी नाव उच्चारत नाही. म्हणजे नाव लांबवलं की उच्छ्वास आपोआप लांबतो आणि मिनिटाला होणारे श्वास कमी होतात. ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या २००१ सालच्या एका अंकात इटलीतल्या संशोधकांनी हे मोजून दाखवलं होतं. त्यांनी २३ निरोगी माणसांना एकदा लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना आणि एकदा 'ॐ मणि पद्मे' हा मंत्र म्हणायला लावलं. दोन्ही वेळी श्वास मिनिटाला साधारण सहापर्यंत उतरला, आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची यंत्रणा जास्त चांगली प्रतिसाद देऊ लागली. मला यातली आणखी एक गोष्ट जास्त मोलाची वाटते: धर्म वेगळे, शब्द वेगळे, पण परिणाम सारखा. त्यामुळे आमचाच मंत्र प्रभावी, असं व्हिडिओत म्हणायला जागा नाही. आपल्या नागपुरात 'गण गण गणात बोते' म्हणणारं घर आहे, 'बुद्धं सरणं गच्छामि' म्हणणारं आहे, ताजबागच्या दर्ग्याला जाणारं आहे. तुम्ही तुमचं नाव घ्या आणि बघणाऱ्याला त्याचं घेऊ द्या.

ते २३ जण निरोगी होते, हेही ध्यानात असू द्या. त्या अभ्यासातून श्वासाबद्दल आणि हृदयाबद्दल बोलता येतं, चिंतेचा आजार बरा होतो असं त्यातून निघत नाही. तुमच्या संहितेची हद्द इथेच आखली जाते. 'जप करताना श्वास संथ होतो, अंग थोडं सैल पडतं' हे वाक्य चालेल. 'चिंता मुळासकट जाते', 'गोळ्यांची गरज राहत नाही', '२१ दिवसांत फरक' यातलं एकही चालणार नाही. कायद्याचीही बाजू आहे. औषधे आणि जादूई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ चा आहे, आणि त्यात जादूई उपचाराच्या व्याख्येत ताईत आणि कवच यांच्या जोडीला 'मंत्र' हा शब्द सरळ लिहिलेला आहे. पण मी तुम्हाला कायद्याच्या भीतीनं थांबवत नाहीये. समुपदेशनासाठी माझ्यासमोर अशी माणसं बसलेली आहेत ज्यांनी कुठलं तरी असंच वाक्य ऐकून गोळी बंद केली.

आता माझी एक चूक सांगते, म्हणजे संहितेत काय नको ते कळेल. मी समुपदेशनाचं काम बावीस वर्षं करते आहे. सुरुवातीच्या काळात रुग्णांना घरी ऐकायला मी स्वतः एक ध्वनिफीत केली होती. तिच्यात मी प्रत्येक नामाआधी 'खोल श्वास घ्या, छाती भरून घ्या' म्हणत होते, आणि नाम मात्र भरभर होतं. पहिल्याच गटात पन्नाशीच्या एक काकू चौथ्या मिनिटाला म्हणाल्या, "मॅडम, बोटांना मुंग्या येऊन राहिल्या, ओठ बधिर झाले, मला काही होते की काय!" त्यांना काही झालेलं नव्हतं. भरभर आणि मोठमोठे श्वास घेतल्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि त्यानं मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, छातीत कोंडल्यासारखं वाटतं. घाबरलेल्या माणसाला हीच लक्षणं हृदयविकाराच्या झटक्याची वाटतात. शांत करायला निघालेल्या माझ्या फितीनंच त्यांना घाबरवलं होतं.

तेव्हापासून 'खोल' हा शब्द मी माझ्या संहितेतून काढून टाकला. त्या जागी म्हणते, "नाकानं, नेहमीसारखा, छोटासा श्वास. घाई नाही." आणि एक वाक्य आवर्जून घालते: "बोटांना मुंग्या आल्या किंवा गरगरलं तर जप थांबवा, आवाज न करता नेहमीसारखा श्वास चालू द्या, मिनिटभरात उतरेल. उतरलं नाही तर आज इतकंच." हे वाक्य जप सुरू होण्याआधी यायला हवं. जपाच्या मधोमध मुंग्यांचं नाव काढलं तर नसलेल्यांनाही यायला लागतात.

'शांत व्हा' हेही लिहू नका. ज्याला शांत होता येत नाही म्हणून तो तुमच्याकडे आला, त्याला ती आज्ञा वाटते, आणि होत नाही म्हणून तो आणखी घाबरतो. 'मन एकाग्र करा' याचंही तसंच. मी इतकंच म्हणते, "मन इकडेतिकडे जाईल. जाऊ द्या. पुढचं नाव आलं की परत या." डोळे मिटायची सक्तीही नको. काही जणांना डोळे मिटले की छातीतली धडधड दुप्पट ऐकू येते, काहींना जुनं काही दिसू लागतं. 'डोळे मिटा, नाहीतर समोर जमिनीवर एखाद्या फरशीकडे बघत राहा' असा पर्याय द्या, आणि दोन्ही सारखेच चांगले आहेत हे आवाजातून कळू द्या.

आता नऊ मिनिटांचा व्हिडिओ प्रत्यक्ष मांडून दाखवते. नाव 'राम कृष्ण हरी' धरते, कारण ते तुमच्या मंडळाच्या तोंडात आहे आणि त्याचा शेवट दीर्घ ईकारानं होतो. 'री' हवा तितका लांबवता येतो, म्हणून हे नाव या कामाला फार सोयीचं. बोलण्याच्या वेगात ते दीड-दोन सेकंदांत संपतं. आपल्याला ते एका उच्छ्वासात एकदाच, पण सावकाश म्हणायचं आहे.

पहिलं मिनिट बोलण्याचं. इथेच डॉक्टरांची गोष्ट यायला हवी. बहुतेक जण ती शेवटी पाटीवर बारीक अक्षरात टाकतात. तोवर माणूस पेंगुळलेला असतो किंवा दुसऱ्या व्हिडिओवर गेलेला असतो. काही जण सुरुवातीलाच कोर्टातल्या भाषेत वाचून दाखवतात, त्यानं घाबरलेला आणखी घाबरतो. तुम्ही घरातल्या माणसाशी बोलतो तसं म्हणा: "नमस्कार. छातीत धडधड, झोप नाही, मन सैरभैर, म्हणून तुम्ही इथे आला असाल. पुढची काही मिनिटं आपण सोबत नाव घेऊ. यानं श्वास थोडा संथ होतो, एवढंच आम्ही सांगू शकतो. हा इलाज नाही. डॉक्टरांची गोळी सुरू असेल तर ती ठरल्या वेळी घ्या, नाव तिच्या सोबतीनं घ्या. त्रास दोन आठवड्यांहून जास्त दिवस रोज होत असेल आणि अजून कोणाला दाखवलं नसेल, तर दाखवा. छातीत नव्यानं दुखायला लागलं असेल, हाताकडे किंवा जबड्याकडे कळ जात असेल, घाम फुटला असेल, तर हा व्हिडिओ बंद करा आणि १०८ वर फोन लावा." हे सगळं सावकाश वाचायला सव्वा मिनिटाच्या आसपास लागतं. मी घड्याळ लावून पाहिलं आहे.

त्यातली 'नव्यानं छातीत दुखणं' ही ओळ कापायचा मोह होईल, कारण ती मूड बिघडवते. कापू नका. पहिल्यांदा येणारं छातीचं दुखणं चिंतेचं की हृदयाचं हे व्हिडिओ बघून कोणालाच कळत नाही. धडधडीचंही तसंच आहे. थायरॉईड वाढलेलं असलं, रक्त कमी असलं तरी धडधड होते, हात थरथरतात, झोप उडते, आणि ते साध्या रक्ततपासणीत कळतं. माझ्याकडे चिंता म्हणून येणाऱ्यांना मी पहिल्या भेटीतच आधी तपासणी करून यायला सांगते.

मग अर्धं-पाऊण मिनिट बसण्याचं. खुर्चीवर बसा, भिंतीला टेकून बसा, पलंगावर पाय सोडून बसा, कसंही चालेल. पद्मासनाचं नाव काढू नका, गुडघे दुखणारी निम्मी माणसं तिथेच गळतात. मुंग्यांचं ते वाक्य इथे म्हणून टाका.

साधारण दुसऱ्या मिनिटापासून जप. पहिली २ मिनिटं प्रत्येक आवर्तन सहा सेकंदांचं: दोन-अडीच सेकंद श्वास आत, उरलेल्यात नाव. म्हणजे मिनिटाला दहा. घाबरलेल्या माणसाचा श्वास याहून बराच भरभर चाललेला असतो, त्यामुळे दहा हाच त्याच्यासाठी पुरेसा उतार आहे. पुढची २ मिनिटं आवर्तन आठ सेकंदांचं, नावाला पाच. शेवटची २ मिनिटं दहा सेकंदांचं, श्वासाला चार आणि नावाला सहा. हिशेब केला तर सहा मिनिटांत वीस, पंधरा आणि बारा, मिळून सत्तेचाळीस आवर्तनं होतात. हा आकडा तुमच्या वहीत राहू द्या, बघणाऱ्याला सांगू नका. सुरुवातीलाच दहा सेकंदांवर उडी मारली तर नवख्याला श्वास पुरत नाही, तो मध्येच घुटका घेतो आणि त्याला वाटतं आपल्याला हेही जमत नाही. म्हणून दोन टप्प्यांच्या मध्ये एक वाक्य असू द्या: "श्वास आधी संपला तर घेऊन टाका, पुढच्या नावाला आम्हाला गाठा."

आवाजही उतरता ठेवा. पहिल्या दोन मिनिटांत खणखणीत, मधल्या दोन मिनिटांत शेजारी बसलेल्याला ऐकू जाईल इतका, शेवटच्या दोन मिनिटांत ओठ हलतील न हलतील असा. शेवटच्या टप्प्यात 'हरी'नंतर ओठ मिटून थोडा गुंजारव येऊ दिला तर उच्छ्वास आणखी लांबतो, छातीत आणि टाळूत कंप जाणवतो आणि मनाला टेकायला जागा मिळते. सोबतीला तानपुरा पुरे. टाळ नको, कारण टाळाची सवय असलेला हात लय वाढवतोच. हे तुमच्या मृदंगवाल्यालाही आधीच सांगून ठेवा.

जप संपल्यावर तीसेक सेकंद काही नको, नुसता तानपुरा. मग "सावकाश डोळे उघडा, पाय हलवा, पाणी प्या" आणि व्हिडिओ विझू द्या. शेवटी घंटा किंवा शंख लावू नका. सैल पडलेलं अंग दचकतं. आणि मधल्या जाहिराती बंद करायला विसरू नका. पाचव्या मिनिटाला साबणाची जाहिरात ओरडत आली तर तुमची सगळी उतरलेली लय तिथेच फुकट जाते. रेकॉर्डिंग शक्यतो पहाटे करा. उन्हाळ्यात आपल्याकडे कूलर रात्रभर चालतात, आणि शेजारच्या कूलरची घरघर इअरफोन लावून ऐकणाऱ्याला तानपुऱ्याहून मोठी ऐकू येते.

आता ज्या एका माणसाची मला खरी काळजी वाटते त्याच्याबद्दल. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगा आला होता, बँकेत लागलेला, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा. सकाळी माळेचे १०८ मणी झाल्याशिवाय घराबाहेर पडायचा नाही. मध्ये एखादा शब्द चुकला किंवा मनात घाणेरडा विचार आला की माळ पुन्हा पहिल्या मण्यापासून. सुरुवातीला वीस मिनिटांत आटपायचं, माझ्याकडे आला तेव्हा अडीच तास लागत होते. नोकरीवर दोनदा मेमो मिळाला होता. घरचे कौतुकानं सांगत होते, पोरगा किती श्रद्धाळू आहे. त्याच्या डोळ्यांत श्रद्धेचं समाधान अजिबात नव्हतं. होती ती दहशत, की माळ अर्धी राहिली तर आईला काहीतरी होईल. हा मंत्रचळाचा, म्हणजे ओसीडीचा, आजार आहे आणि त्यावर गोळ्या आणि वर्तनोपचार दोन्ही चांगले लागू पडतात. त्याच्या उपचारात आम्ही हळूहळू उलटं करायला शिकवलं: माळ अर्ध्यावर सोडायची, येणारी भीती तशीच सोसायची आणि ती आपोआप ओसरते हे पाहायचं. त्या मुलाला तुमचा व्हिडिओ सापडला आणि त्यात 'रोज १०८ वेळा, एकही दिवस न चुकता' असं असलं, तर तुम्ही त्याच्या आजाराला खतपाणी घालाल.

म्हणून संहितेत आकडा नको, माळेची अट नको, 'खंड पडू देऊ नका' नको. त्याऐवजी म्हणा, "एखादा दिवस राहिला तर राहिला. अर्ध्यावर उठावं लागलं तरी चालेल." आणि ओळखायची खूण सरळ सांगून टाका: "नाव घेतल्यावर हलकं वाटत असेल तर घेत राहा. नाव घेतलं नाही तर काहीतरी वाईट होईल अशी भीती वाटत असेल, किंवा पुन्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा."

याच्याच जवळची आणखी एक गोष्ट. व्हिडिओचं नाव 'घाबरल्यावर लगेच लावा' असं ठेवू नका. जप फक्त घाबरण्याच्या झटक्याच्या वेळी केला तर माणसाच्या मनात पक्कं बसतं की मी जपामुळे वाचलो, आणि फोनची बॅटरी संपली की तो बर्डीच्या बाजारात एकटा जायला घाबरतो. रोजची ठरलेली वेळ सांगा. संध्याकाळी दिवा लावल्यावर म्हणा किंवा रात्री जेवणानंतर तासाभरानं म्हणा, माणूस बरा असतानाच अंगाला सवय लागू द्या. मग झटक्याच्या वेळी ती सवय व्हिडिओशिवायही थोडीफार हाताशी येते. थोडीफारच.

व्हिडिओ टाकण्याआधी तीन जणांना दाखवा. एक तुमच्या मंडळाबाहेरचा, एक साठीच्या पुढचा आणि एक खरंच चिंतेचा त्रास असलेला. त्यांना मत विचारू नका, तोंडावर सगळे चांगलंच म्हणतात. बाजूला बसून त्यांच्या खांद्यांकडे आणि पोटाकडे पाहा आणि घड्याळ लावून शेवटच्या मिनिटातले श्वास मोजा. सहा ते आठ भरले तर लय बरोबर उतरली. बारा-तेरा भरत असतील तर ते तुम्हाला गाठायला धावताहेत किंवा मधले घुटके घेताहेत, तेव्हा शेवटचा टप्पा आठ सेकंदांवरच थांबवा. खांदे कानाकडे चढत असतील तर ते मोठे श्वास घेताहेत, मग 'छोटासा श्वास' हे वाक्य जास्त वेळा घाला.

व्हिडिओ टाकला की काम अर्धंच झालं, कारण लोक खाली लिहितील. महिन्याभरात कोणीतरी लिहीलच, 'तुमच्या जपानं इतकं छान वाटलं की गोळ्या बंद केल्या.' त्याला हात जोडलेलं चिन्ह पाठवून पुढे जाऊ नका, आणि ती टिप्पणी वर लावून मिरवूही नका. चिंतेवरच्या रोजच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि एकदम सोडल्या तर चक्कर, झोपमोड, अंगात विजेसारखे झटके, चिंतेची नवी लाट हे सगळं येऊ शकतं. झोपेच्या काही गोळ्या बरेच दिवस घेऊन अचानक थांबवल्या तर फिटही येऊ शकते. आणि हे जेव्हा येतं तेव्हा माणूस म्हणतो, माझा जपच कमी पडला. त्याला त्याच दिवशी उत्तर लिहा. मी असं लिहिते:

"तुम्हाला बरं वाटलं याचा आनंद आहे. गोळ्या बंद केल्याचं तुमच्या डॉक्टरांना आज-उद्याच फोन करून सांगा. कमी करायच्या असतील तर त्या हळूहळू कशा करायच्या हे तेच ठरवतील. ते भेटत नसतील तर नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या मानसोपचार बाह्यरुग्ण विभागात कागद घेऊन जा. नाव सुरू ठेवा, गोळीचं डॉक्टर सांगतील तसं करा."

आणि कोणी 'जगावंसं वाटत नाही' असं लिहिलं तर जपाचं एक अक्षरही बोलू नका. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक द्या, तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. सोबत विचारा, "आत्ता तुमच्याजवळ घरात कोण आहे? त्यांना हे दाखवाल का?" उत्तर येईपर्यंत मंडळातल्या एकानं फोन हातात ठेवून बसायचं, ही पाळी व्हिडिओ टाकायच्या आधीच लावून घ्या.